पडद्यावरचा भाव आणि हाती येणारा भाव

मोबाइलच्या पडद्यावर शेअरचा जो एकच भाव मोठ्या अक्षरांत दिसतो, तो होऊन गेलेल्या व्यवहाराचा भाव असतो. शेवटच्या दोघांनी कदाचित दहाच शेअरची देवघेव केली आणि आकडा तिथे थांबला. तुम्हाला सोळाशे शेअर हवे असतील तर ते कोणत्या भावाने मिळतील, याबद्दल हा आकडा काहीही सांगत नाही. ते कळण्यासाठी त्याच ॲपमधली डेप्थची खिडकी उघडावी लागते. तिथे एका बाजूला घेणाऱ्यांचे पाच उत्तम भाव दिसतात आणि दुसऱ्या बाजूला विकणाऱ्यांचे पाच. प्रत्येक भावासमोर त्या भावाने किती शेअर उपलब्ध आहेत, तेही लिहिलेलं असतं. घेणाऱ्याच्या भावाला बाजारात बिड म्हणतात, विकणाऱ्याच्या भावाला आस्क आणि दोघांमधल्या अंतराला स्प्रेड.

मोठ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये हे अंतर जवळपास जाणवत नाही. पण आपल्या शेअर बाजारांवर हजारो कंपन्या नोंदलेल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांची रोजची उलाढाल अगदी लहान आहे. स्मॉलकॅप शेअर निवडून देणाऱ्या याद्या, ‘दर महिन्याला वीस शेअर घ्या आणि बदला’ अशा पद्धती, मागच्या दहा वर्षांचा आकर्षक परतावा दाखवणारे तक्ते, हे सगळं याच लहान उलाढालीच्या शेअरवर उभं असतं. तक्त्यात गृहीत धरलेलं असतं की बंद भावाला हवे तेवढे शेअर मिळाले आणि बंद भावालाच ते विकले गेले. प्रत्यक्षात ते मिळतात का, हे आधी तपासणाऱ्या दोन चाळण्या आहेत: सरासरी उलाढाल आणि स्प्रेड. त्या नीट लावल्या नाहीत तर कागदावरचा नफा ऑर्डर भरता भरताच संपतो. हे कसं घडतं ते एका उदाहरणातून पाहू.

समजा, एका लहान कंपनीच्या शेअरची डेप्थ दुपारी साडेबारा वाजता अशी दिसते आहे. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण लहान शेअरमध्ये अशी खिडकी कोणत्याही दिवशी पाहायला मिळते.

| घेणारे: शेअर | बिड (रु.) | आस्क (रु.) | विकणारे: शेअर |
|---|---|---|---|
| ९० | १८४.१० | १८६.४० | १२० |
| ४०० | १८३.५० | १८६.९० | ३०० |
| ३५० | १८२.०० | १८७.८० | २५० |
| ५०० | १८०.६० | १८९.०० | ६०० |
| १,२०० | १७८.०० | १९०.५० | १,००० |

सगळ्यात वरच्या दोन भावांच्या मधोमध १८५.२५ रुपये येतात. हा झाला मधला भाव. स्प्रेड आहे २.३० रुपये, म्हणजे मधल्या भावाच्या सुमारे १.२४ टक्के. स्प्रेड नेहमी असा टक्क्यांतच मोजावा. दोन रुपयांचं अंतर दोन हजारांच्या शेअरमध्ये किरकोळ असतं, वीस रुपयांच्या शेअरमध्ये ते दहा टक्के होतं.

आता तीन लाख रुपये गुंतवायचे आहेत, म्हणजे साधारण १,६०० शेअर. ‘मार्केट’ ऑर्डर टाकली तर ती विकणाऱ्यांची बाजू वरून खाली खात जाते. पहिले १२० शेअर १८६.४० ला मिळतात, पुढचे ३०० शेअर १८६.९० ला, मग २५० शेअर १८७.८० ला, ६०० शेअर १८९ ला आणि उरलेले ३३० शेअर १९०.५० ला. एकूण बिल होतं ३,०१,६५३ रुपये आणि सरासरी भाव पडतो १८८.५३. मधल्या भावापेक्षा पावणेदोन टक्क्यांहून थोडा जास्त. या फरकाला इम्पॅक्ट कॉस्ट म्हणतात, म्हणजे आपल्याच ऑर्डरने भाव हलवल्याची किंमत.

खरी गंमत नव्हे, खरं नुकसान विक्रीच्या वेळी कळतं. हेच १,६०० शेअर त्याच क्षणी परत विकायचे झाले तर घेणाऱ्यांच्या पाचही पायऱ्या उतराव्या लागतात आणि हाती येतात २,९०,२४९ रुपये. मधला भाव एक पैशानेही बदललेला नाही, तरी ११,४०४ रुपये गेले. हे घातलेल्या रकमेच्या पावणेचार टक्क्यांहून अधिक आहेत. याच व्यवहारावर दोन्ही बाजूंचा मिळून सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स सहाशे रुपयांच्या आत बसतो. ब्रोकरेज वीस रुपये की शून्य, यावर लोक तासभर चर्चा करतात. पण कोणत्याही कॉन्ट्रॅक्ट नोटवर वेगळ्या ओळीत न छापला जाणारा हा खर्च त्याच्या कित्येक पट असतो.

नॅशनल स्टॉक एक्स्चेंजच्या निफ्टी ५० निर्देशांकात शेअर घेण्याची एक अट याच मापावर बेतलेली आहे. आधीच्या सहा महिन्यांत, दहा कोटी रुपयांच्या टोपलीसाठी मोजलेली इम्पॅक्ट कॉस्ट ९० टक्के नोंदींमध्ये अर्धा टक्का किंवा त्याहून कमी असावी लागते. आपल्या उदाहरणातल्या शेअरमध्ये तीन लाखांनाच पावणेदोन टक्के लागले. म्हणून निर्देशांकातल्या शेअरवर तपासलेली एखादी पद्धत स्मॉलकॅपमध्ये तशीच उचलून आणता येत नाही.

पण रोज हजारो शेअरची डेप्थ उघडून बघणं कोणालाच शक्य नाही. म्हणून पहिली चाळणी लावतात ती उलाढालीची. एक्स्चेंज दररोज बाजार बंद झाल्यावर भावपत्रक प्रसिद्ध करतं, त्याला सगळे भावकॉपी म्हणतात. एनएसईच्या सविस्तर फाइलमध्ये प्रत्येक शेअरच्या ओळीत `TURNOVER_LACS` हा रकाना असतो. त्या दिवशी त्या शेअरमध्ये किती लाख रुपयांची उलाढाल झाली ते तिथे कळतं. शेअरची संख्या न घेता रुपयांतली उलाढालच घ्यायची. दोन रुपयांच्या शेअरमध्ये पाच लाख शेअरची खरेदी-विक्री झाली की आकडा भला मोठा वाटतो, पण रक्कम फक्त दहा लाखांची असते. शिवाय शेअरची फोड झाली की संख्या एका रात्रीत पाचपट होते आणि तरलता वाढल्याचा भास होतो.

बहुतेक जण मागच्या वीस दिवसांची सरासरी काढतात. आणि इथेच फसतात. आपल्या उदाहरणातल्या शेअरमध्ये वीसपैकी एकोणीस दिवस रोज साधारण १८ लाखांची उलाढाल झाली असं धरा. एका दिवशी कोणा मोठ्या भागधारकाने आपला हिस्सा भर बाजारात दुसऱ्याला विकला आणि त्या दिवशीची उलाढाल ९ कोटींवर गेली. अशा मोठ्या व्यवहारांना बल्क डील म्हणतात. कंपनीच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त शेअर एका ग्राहकाने दिवसात घेतले किंवा विकले की ते जाहीर करावे लागतात. वीस दिवसांची सरासरी आता ६२ लाख येते. शाळेच्या गणितात शिकवलेला मध्यक मात्र, म्हणजे वीस आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, १८ लाखच राहतो.

आपली ऑर्डर रोजच्या उलाढालीच्या पाच टक्क्यांपेक्षा मोठी नसावी, असा नियम ठेवला आहे समजा. सरासरी धरली तर मर्यादा येते तीन लाख दहा हजारांच्या आसपास आणि आपली तीन लाखांची ऑर्डर आरामात पास होते. मध्यक धरला तर मर्यादा येते नव्वद हजार. ज्या तीन लाखांना आपण पाच टक्क्यांच्या आत समजत होतो, ते प्रत्यक्षात साध्या दिवसाच्या उलाढालीचा सहावा हिस्सा आहेत. एकाच शेअरबद्दल, एकाच फाइलवरून ही दोन उत्तरं मिळतात. त्यातलं दुसरं खरं आहे, कारण आपण ज्या दिवशी ऑर्डर टाकणार तो दिवस बहुधा एकोणीस दिवसांसारखा असेल. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की या कामासाठी सरासरी वापरूच नये. मध्यक वापरावा, आणि ज्याला अजून सावध राहायचं आहे त्याने वीस दिवसांतला चौथा किंवा पाचवा सगळ्यात कमी आकडा वापरावा.

पाच टक्के हा काही कायदा नाही. काही जण दहा धरतात. महत्त्व या गोष्टीला आहे की चाळणीचा आकडा आपल्या रकमेवरून ठरला पाहिजे. ‘रोजची उलाढाल एक कोटीहून जास्त’ असा सरसकट नियम पन्नास हजारांच्या ऑर्डरला विनाकारण कडक पडतो आणि पन्नास लाखांच्या ऑर्डरला निरुपयोगी. छोट्या गुंतवणूकदाराची हीच एक खरी ताकद आहे. ज्या शेअरमध्ये म्युच्युअल फंडाला पाय ठेवायला जागा नाही, तिथे तो नव्वद हजारांनी शिरू शकतो आणि निघूही शकतो. तीन लाखच गुंतवायचे असतील तर तेही अशक्य नाही, फक्त ऑर्डर चार दिवसांत वाटून घालावी लागेल आणि विकताना पुन्हा चार दिवस धरावे लागतील. ते चार दिवस आपल्या पद्धतीला परवडतात का, हा प्रश्न मात्र घेण्याआधी विचारायचा असतो.

फंडांनाही हाच प्रश्न विचारला जातो. मार्च २०२४ पासून मिडकॅप आणि स्मॉलकॅप योजनांना आपल्या गुंतवणुकीचा २५ टक्के आणि ५० टक्के भाग विकायला किती दिवस लागतील, ते जाहीर करावं लागतं. ते आकडे वाचताना एक लक्षात ठेवावं: हिशेब करताना सगळ्यात कमी तरल असलेला २० टक्के भाग आधीच बाजूला काढलेला असतो.

उलाढालीची चाळणी पार केलेला शेअरसुद्धा दुसऱ्या चाळणीत अडकू शकतो, आणि अडकायलाच हवा. उलाढाल दिवसभराची गोळाबेरीज सांगते. या क्षणी समोर कोण उभं आहे ते स्प्रेड सांगतो. दिवसाची सगळी उलाढाल एखाद्या बातमीनंतरच्या अर्ध्या तासात झालेली असू शकते आणि उरलेला दिवस दोन्ही बाजू एकमेकांपासून लांब उभ्या असू शकतात. काही शेअरमध्ये उलाढाल मोठी दिसते, पण ती सकाळी घेऊन दुपारी विकणाऱ्यांचीच असते. भावकॉपीतला `DELIV_PER` हा रकाना, म्हणजे किती टक्के शेअर खरोखर डिमॅट खात्यात गेले, तो पाहिला की याचा अंदाज येतो.

स्प्रेडची अडचण अशी की तो भावकॉपीत येत नाही. तो स्वतः नोंदवावा लागतो. सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा रात्रभरच्या बातम्यांवर कोणाचाच अंदाज पक्का नसतो, म्हणून पहिली पंधरा-वीस मिनिटं अंतर रुंद असतं. मग ते हळूहळू मिटत जातं. एकच नोंद घेतली तर ती अपघाताने चांगली किंवा वाईट निघू शकते. साडेदहा, साडेबारा आणि तीन अशा ठरलेल्या वेळांना आठवडाभर बिड आणि आस्क टिपून ठेवावे आणि त्यांच्या टक्क्यांचा मध्यक काढावा. यादी वीस-तीस शेअरपर्यंत खाली आणल्यावर हे काम हाताने वहीतही जमतं. म्हणून चाळण्यांचा क्रम महत्त्वाचा. आधी उलाढालीने हजारातून शंभर करा, मग आपल्या निवडीच्या निकषाने तीस करा, आणि स्प्रेड फक्त त्या तिसांचा मोजा.

स्प्रेडलाही फसवता येतं. सर्वात वरच्या बिडवर पाच शेअर आणि सर्वात वरच्या आस्कवर तीन शेअर ठेवले की अंतर दहा पैशांचं दिसतं. त्यामागच्या पायरीवर दरी असते. आपल्या ऑर्डरइतके शेअर जमेपर्यंत पायऱ्या उतरून पाहणं, म्हणजे वर केला तसा इम्पॅक्ट कॉस्टचा हिशेब करणं, हाच त्यावर उपाय. उलट बाजूनेही चूक होते. काही मोठे खेळाडू आपली पूर्ण ऑर्डर दाखवत नाहीत, थोडाच भाग उघड ठेवतात. त्यामुळे प्रत्यक्ष खोली दिसते त्यापेक्षा जास्त असू शकते. तरी हिशेब दिसतं त्यावरच करावा.

फार स्वस्त शेअरच्या बाबतीत स्प्रेडला तळ असतो, हेही ध्यानात घ्यायला हवं. भाव कमीत कमी जेवढ्याने हलू शकतो त्याला टिक म्हणतात. जून २०२४ पर्यंत एनएसईवर हा टिक साधारणपणे पाच पैशांचा होता. दोन रुपयांच्या शेअरमध्ये पाच पैसे म्हणजे अडीच टक्के, त्यामुळे तिथे कितीही गर्दी असली तरी स्प्रेड अडीच टक्क्यांच्या खाली जाऊच शकत नव्हता. मग २५० रुपयांखालच्या शेअरसाठी टिक एक पैशावर आणला गेला आणि तोच तळ अर्ध्या टक्क्यावर आला. जुन्या वर्षांच्या भावांवर पद्धत तपासणाऱ्याने आजचा स्प्रेड मागे नेऊन लावला तर पेनी शेअर खोट्या स्वस्ताईने उजळून निघतात.

स्प्रेडची मर्यादा किती ठेवावी, हे शेअर किती काळ ठेवायचा त्यावर अवलंबून आहे. आपल्या उदाहरणातला येण्याजाण्याचा ३.७८ टक्के खर्च सात-आठ वर्षांसाठी घेणाऱ्याला एकदाच बसतो आणि तो सोसवतो. दर महिन्याला यादी बदलणाऱ्याचं तसं नाही. त्याने महिन्याला निम्मे शेअर बदलले तरी वर्षाला रकमेच्या २२-२३ टक्के नुसते भरण्यात जातात. तक्त्यात वर्षाला तीस टक्के दाखवणारी पद्धत मग प्रत्यक्षात बँकेच्या मुदत ठेवीच्या आसपास येऊन थांबते, आणि माणूस पद्धतीला किंवा नशिबाला दोष देत बसतो. महिन्याला बदल करणाऱ्याने, माझ्या मते, अर्ध्या टक्क्याहून रुंद स्प्रेडच्या शेअरकडे फिरकूच नये.

‘मार्केट ऑर्डर टाकलीच नाही, लिमिट लावली, तर?’ हा यावरचा नेहमीचा प्रश्न. लिमिट लावावीच. १८६.९० ची लिमिट लावली तर ४२० शेअर लगेच मिळतील आणि उरलेले १,१८० घेणाऱ्यांच्या रांगेत सगळ्यात पुढे उभे राहतील. जास्त भाव मोजण्यापासून आपण वाचलो. पण आता ते कधी भरतील, हे बाजार ठरवणार. शेअर वर निघाला तर आपण मागे राहतो आणि ज्या वाढीसाठी तो निवडला ती दुसऱ्याला मिळते. शेअर पडायला लागला की मात्र कोणीतरी घाईने आपल्याच बिडवर माल टाकतो आणि ऑर्डर पूर्ण भरते. म्हणजे लिमिट ऑर्डर नेमक्या नको त्या वेळी भरण्याची शक्यता जास्त. जुन्या भावांवर पद्धत तपासताना ‘दिवसाचा नीचांक आपल्या लिमिटच्या खाली गेला, म्हणजे ऑर्डर भरली’ असं धरतात, तेव्हा ही एकतर्फी निवड हिशेबात येत नाही.

सर्किटची गोष्ट तर याहून कठीण. ज्या शेअरला पाच टक्क्यांची मर्यादा आहे तो वरच्या सर्किटला अडकला की विकणाऱ्यांची बाजू पूर्ण रिकामी होते. स्प्रेड मोजायला आस्कच उरत नाही. भावकॉपीत त्या दिवशीचा बंद भाव छापला जातो, थोडीफार उलाढालही दिसते, आणि संगणक म्हणतो, घेतला. खऱ्या बाजारात तो घेता आलेला नसतो. खालच्या सर्किटला याच्या उलट होतं: आपल्यापुढे हजारो शेअर विकायला रांगेत आणि घेणारा एकही नाही. तपासणी करताना ज्या दिवशी बंद भाव आणि सर्किटचा भाव एकच आहे, त्या दिवशी खरेदी किंवा विक्री झालीच नाही असं धरणं हाच प्रामाणिक मार्ग आहे. त्याचप्रमाणे `SERIES` रकान्यात `EQ` ऐवजी `BE` दिसलं तर तो शेअर ट्रेड-टू-ट्रेड गटात आहे, तिथे प्रत्येक व्यवहाराची डिलिव्हरी द्यावी-घ्यावी लागते. अशा गटात उलाढाल बहुधा आटते, त्यामुळे आधीच्या महिन्यांची उलाढाल त्याला लावू नये.

तपासणीतली आणखी एक चूक फार हुशार माणसंही करतात. आजची तरल शेअरची यादी घेऊन ती दहा वर्षं मागे नेतात. आज ज्यांची उलाढाल कोटींत आहे, त्यांतल्या अनेकांची तेव्हा काही लाखांत होती. ते वाढले म्हणून लोक आले आणि उलाढाल वाढली. ही यादी मागे नेली की जिंकणारेच निवडले जातात. चाळणी प्रत्येक महिन्याला त्या दिवसाआधीच्याच वीस दिवसांवर लावायला हवी, एक दिवसही पुढचा नको.

आणि एवढं सगळं केल्यावरही या चाळण्या शांत दिवसांचंच माप देतात. २३ मार्च २०२० ला बाजार दहा टक्के कोसळून व्यवहार ४५ मिनिटं थांबले होते. अशा दिवशी भरवशाच्या शेअरच्या बिडसुद्धा मागे सरकतात, आणि आदल्या महिन्याच्या मध्यकावर काढलेले चार दिवस पुरत नाहीत. यावर कोणतीही चाळणी नाही. आपल्या एकूण पैशांतला किती भाग अशा शेअरमध्ये ठेवायचा, हाच काय तो इलाज आपल्या हाती असतो.

तेव्हा पुढच्या वेळी एखादा लहान शेअर घ्यायला निघाल तेव्हा डेप्थच्या खिडकीत घेणाऱ्यांची बाजू आधी वाचा. उद्या तुम्हाला विकायचं झालं तर तुमचा सगळा माल त्या पाच ओळींत मावतो का, तेवढं बोटांवर मोजा आणि मगच खरेदीचं बटण दाबा.